कोपऱ्यातून सुरुवात: ओळी आणि कॉलम दोन्ही चढत्या क्रमात असलेल्या मॅट्रिक्समधला शोध (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्यांकडून या एकाच गणितावर इतके प्रश्न येतात की उत्तरं एका जागी ठेवलेली बरी. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, गुंते पुढे येतात. बहुतेक उत्तरांत हीच मॅट्रिक्स वापरली आहे:

```
 ३   ८  १४  २१  ३०
 ६  ११  १७  २५  ३४
 ९  १५  २०  २८  ४१
१३  १९  २७  ३३  ४६
```

१. मुळात गणित काय आहे? लीटकोडवर याच्यासारखी दोन गणितं दिसतात, त्यातलं हे कुठलं?

प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे चढत जाते, प्रत्येक कॉलम वरून खाली चढत जातो. एक संख्या दिलेली आहे आणि ती मॅट्रिक्समध्ये आहे का, असल्यास कुठे, हे सांगायचं आहे. लीटकोडवर हे २४० क्रमांकाचं गणित. ७४ क्रमांकाच्या गणितात एक अट जास्त आहे: प्रत्येक ओळीची पहिली संख्या आधीच्या ओळीच्या शेवटच्या संख्येपेक्षा मोठी असते. ही अट असली की सगळ्या ओळी एकापुढे एक ठेवून एक सलग चढती यादी मिळते. आपल्या मॅट्रिक्समध्ये तसं होत नाही. पहिली ओळ ३० वर संपते आणि दुसरी ६ वर सुरू होते. हा फरक न बघता कोड लिहिला की काय होतं, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

२. वरच्या उजव्या कोपऱ्यातूनच का? मला तर वरचा डावा कोपरा जास्त नैसर्गिक वाटतो.

वाटतो खरा, पण तिथे उभं राहून काहीच ठरवता येत नाही. समजा १९ शोधायचे आहेत आणि तुम्ही ३ वर उभे आहात. ३ लहान आहे, म्हणजे मोठ्या संख्येकडे जायला हवं. पण उजवीकडेही संख्या वाढतात आणि खालीही वाढतात, मग पाऊल कुठे टाकायचं? खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या ४६ वर नेमकी उलट अडचण आहे, तिथून वर आणि डावीकडे दोन्ही बाजूंना संख्या घटतात.

वरच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे ३० वर, दोन वाटांचे स्वभाव वेगळे आहेत. डावीकडे गेलं की संख्या घटते, खाली गेलं की वाढते. त्यामुळे एका तुलनेत एकच वाट उरते. खालच्या डाव्या कोपऱ्यातही हेच, फक्त वर घट आणि उजवीकडे वाढ. या दोघांपैकी कुठलाही कोपरा चालतो, वेळही तेवढाच लागतो. मी वरचा उजवा घेतो कारण ओळीचा क्रमांक शून्यापासून वाढत जाताना कोड वाचायला सोपा जातो, इतकंच.

या पद्धतीचं इंग्रजी नाव सॅडलबॅक सर्च. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रीस यांनी दिलेलं. मराठी पोरं बोलताना त्याला सरळ ‘जिना’ म्हणतात, कारण वाट पायऱ्या उतरल्यासारखी दिसते.

३. एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून दाखवा ना.

१९ शोधू. ३० वर उभे आहोत. ३० मोठा, डावीकडे. २१ मोठा, पुन्हा डावीकडे. १४ लहान, खाली. १७ लहान, खाली. २० मोठा, डावीकडे. १५ लहान, खाली. समोर १९. सात घरं बघून काम झालं.

आता मॅट्रिक्समध्ये नसलेली संख्या घेऊ, १८. वाट सुरुवातीला तीच: ३०, २१, १४, १७, २०, १५, १९. इथे १९ मोठा आहे म्हणून डावीकडे, १३ वर. १३ लहान, म्हणून खाली. पण खाली ओळच नाही. ओळी संपल्या, म्हणजे १८ नाही.

दुसऱ्या वेळी आठ घरं बघितली. m ओळी आणि n कॉलम असतील तर जास्तीत जास्त m + n − 1 घरं बघावी लागतात, इथे ४ + ५ − १ = ८. प्रत्येक पावलाला एक ओळ किंवा एक कॉलम कायमचा जातो, आणि शेवटचा जाताच शोध थांबतो. १८ ने ही मर्यादा पुरेपूर गाठली.

४. डावीकडे सरकल्यावर उजवीकडचा आख्खा कॉलम आपण सोडून देतो. पुढे खाली उतरल्यावर उत्तर त्या सोडलेल्या कॉलममध्ये असलं तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि ज्याला हा पडत नाही त्याने बहुधा कोड पाठ केलेला असतो.

१९ च्या शोधात आपण २० वर होतो आणि डावीकडे वळलो. २० चा कॉलम आहे १४, १७, २०, २७. आपण तो सोडला तेव्हा त्याचे दोन तुकडे होते. २० आणि त्याच्या खालचा २७: कॉलम चढता आहे, म्हणून हे दोघेही १९ पेक्षा मोठेच. त्यांच्यात १९ असूच शकत नाही. दुसरा तुकडा २० च्या वरचा, १४ आणि १७. ते ज्या ओळींत आहेत त्या ओळी आपण आधीच सोडल्या होत्या. का सोडल्या? १४ वर उभं असताना १४ लहान निघाला, म्हणजे त्याच्या डावीकडची सगळी ओळ त्याहून लहान, आणि उजवीकडचे कॉलम तर त्याआधीच गेलेले.

नेमकं वाक्य असं करा: संख्या मॅट्रिक्समध्ये असेलच, तर ती चालू ओळीत किंवा तिच्या खाली, आणि चालू कॉलममध्ये किंवा त्याच्या डावीकडे आहे. सुरुवातीला हे आपोआप खरं असतं, कारण आख्खी मॅट्रिक्स त्यात येते. डावीकडे किंवा खाली टाकलेलं प्रत्येक पाऊल ते खरंच ठेवतं. इंटरव्ह्यूत कोडपेक्षा हे वाक्य विचारलं जातं. ते सांगता आलं की सोडलेल्या भागात परत जायची गरज का नाही, हे वेगळं समजवावं लागत नाही.

५. कोड द्या. आणि माझा सी++ चा कोड कधीकधी क्रॅश का होतो?

```python
def shodh(a, x):
    if not a or not a[0]:
        return None
    r, c = 0, len(a[0]) - 1
    while r < len(a) and c >= 0:
        v = a[r][c]
        if v == x:
            return r, c
        if v > x:
            c -= 1
        else:
            r += 1
    return None
```

दोन्ही अटींमध्ये `and` हवा. `or` लिहिला की एक बाजू संपली तरी लूप चालू राहतो. जावा निदान `ArrayIndexOutOfBoundsException` देऊन ओरडतो. पायथन जास्त धोकादायक, कारण `a[r][-1]` ही चूक नसून शेवटचं घर आहे. `c >= 0` ही अट विसरलात तर शोध गुपचूप उजव्या टोकाला उडी मारतो, आणि जो कॉलम हिशेबातून गेला होता त्यात पुन्हा शिरतो.

सी++ चा क्रॅश जवळजवळ नेहमी `size_t` मुळे असतो. `size_t c = a[0].size() - 1;` असं लिहिलं की `c` ऋण होऊच शकत नाही. शून्यातून एक वजा केला की ६४ बिटांच्या मशीनवर तो 18446744073709551615 होतो आणि `c >= 0` कायम खरंच राहतं. `-Wextra` लावून कंपाइल करून बघा, जीसीसी ही तुलना नेहमीच खरी असल्याचा इशारा देतो. दुरुस्ती सोपी:

```cpp
int c = (int)a[0].size() - 1;
```

क्रॅश ‘कधीकधी’ होतो याचं कारणही इथेच आहे. शोध खालून बाहेर पडला तर काही बिघडत नाही, डावीकडून बाहेर पडला तरच बिघडतं. म्हणून चाचणीत सगळ्यात लहान संख्येपेक्षाही लहान संख्या जरूर शोधून बघा, आपल्या मॅट्रिक्समध्ये २. ती हमखास डावीकडून बाहेर पडते.

६. सगळी मॅट्रिक्स एका यादीसारखी धरून एकच बायनरी सर्च केला तर?

प्रश्न १ मधली जास्तीची अट असेल तर जरूर करा, तिथे तोच सगळ्यात जलद. ती नसेल तर चुकीचं उत्तर येईल, तेही कुठलाही आवाज न करता. आपल्या मॅट्रिक्सची २० घरं ० ते १९ अशी मोजा आणि ९ शोधा. मधलं घर नववं, तिथे ३४. मोठा, म्हणून उजवा अर्धा टाकला. टाकलेल्या भागात तिसरी ओळ आख्खी गेली आणि तिच्याबरोबर आपला ९ पण. पुढे ३०, ८, १४ बघून शोध ‘नाही’ म्हणतो.

७. मग प्रत्येक ओळीत वेगळा बायनरी सर्च? किंवा मध्यावर तुलना करून एक चतुर्थांश भाग टाकायचा?

ओळीवार बायनरी सर्च बरोबर चालतो, वेळ m log n. १००० × १००० च्या मॅट्रिक्समध्ये ओळीमागे साधारण १० तुलना, म्हणजे सुमारे १०,०००. जिना जास्तीत जास्त १,९९९ घरं बघतो. चौरस मॅट्रिक्समध्ये जिनाच पुढे.

पण १० ओळी आणि १०,००,००० कॉलम असतील तर चित्र पालटतं. जिन्याला वाईटात वाईट १०,००,००९ घरं लागतील, कारण तो डावीकडे एकेक घर सरकतो. ओळीवार बायनरी सर्चला ओळीमागे साधारण २०, एकूण २००. त्यामुळे ‘कोपऱ्यातूनच शोधायचं’ हा नियम म्हणून पाठ करू नका. लांबी आणि रुंदी यांत फार तफावत असेल तर लहान बाजूच्या प्रत्येक ओळीत किंवा कॉलममध्ये बायनरी सर्च करा. दोन्ही विचार एकत्रही करता येतात: वाट जिन्याचीच ठेवायची, पण डावीकडे सरकताना १, २, ४, ८ अशा वाढत्या उड्या घ्यायच्या आणि उडी पलीकडे गेली की मधल्या टप्प्यात बायनरी सर्च करायचा. रिचर्ड बर्ड यांनी २००६ साली या शोधाच्या सुधारणेवर लिहिलं, तेही याच तफावतीबद्दल: लांबी-रुंदीत फार अंतर असेल तर साधा जिना कमी पडतो.

चतुर्थांशवाली युक्ती दिसते हुशार, पण चौरस मॅट्रिक्समध्ये जिन्याला हरते. एका तुलनेनंतर एक भाग जातो आणि निम्म्या बाजूचे तीन भाग उरतात. तिन्हींत पुन्हा शोधायचं. हिशेब केला तर वेळ n च्या सुमारे १.५८ व्या घाताने वाढतो. जिना n च्या पहिल्या घातावरच थांबतो.

८. चौरस मॅट्रिक्समध्ये याहून जलद काही शक्य आहे का?

n × n साठी, वाईटात वाईट परिस्थितीत, नाही. २n − १ घरं बघावीच लागतात, आणि हे सिद्ध करायला अर्धं पान पुरतं.

समजा x शोधायचा आहे. वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंतच्या कर्णावर n घरं आहेत, त्या सगळ्यांत x − १ भरा. त्याच्या लगेच खालच्या तिरक्या रांगेत n − १ घरं आहेत, त्यांत x + १ भरा. वर-डावीकडचं सगळं x − १ पेक्षा लहान आणि खाली-उजवीकडचं सगळं x + १ पेक्षा मोठं ठेवा. क्रम बरोबर बसतो आणि x कुठेच नाही.

आता या २n − १ घरांपैकी कुठल्याही एका घरात x टाकला तरी ओळी-कॉलमांचा क्रम मोडत नाही. म्हणजे तुमच्या पद्धतीने त्यांतलं एक घर जरी बघितलं नाही, तरी मी गुपचूप तिथेच x ठेवीन आणि तुमचं ‘नाही’ हे उत्तर चुकेल. सगळी बघावीच लागतात. जिन्याची मर्यादा n + n − १ म्हणजे तंतोतंत तितकीच.

९. एकच संख्या अनेकदा आली तर? कुठली जागा मिळते, आणि सगळ्या जागा कशा काढायच्या?

याला खऱ्या व्यवहारातलं उदाहरण दूध संकलन केंद्रावरच्या दरपत्रकाचं. ओळींत फॅट, कॉलमांत एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, आणि दोन्ही वाढले की दर वाढतो. खालचे आकडे माझे, दर पैशांत, आणि फॅट किंवा एसएनएफच्या प्रत्येक पायरीला ३० पैसे असं सोयीसाठी धरलं आहे:

```
फॅट     ८.३   ८.४   ८.५   ८.६
३.३    ३२००  ३२३०  ३२६०  ३२९०
३.४    ३२३०  ३२६०  ३२९०  ३३२०
३.५    ३२६०  ३२९०  ३३२०  ३३५०
```

शेतकऱ्याच्या पावतीवर लिटरला ३२ रुपये ६० पैसे दर आहे. तो कुठल्या फॅट-एसएनएफला बसतो? ३२९० वरून डावीकडे, लगेच ३२६० मिळाला: फॅट ३.३, एसएनएफ ८.५. हाच का मिळाला? प्रश्न ४ मधल्या ‘नेमक्या वाक्या’प्रमाणे सोडलेल्या भागात ३२६० नव्हताच. म्हणून वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघाल्यावर मिळणारी जागा सगळ्यात वरच्या ओळीतली असते, आणि तिच्या उजवीकडच्या कुठल्याही कॉलममध्ये ती संख्या नसते. खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालात तर फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.३ मिळेल. दोन कोपऱ्यांतून दोन उत्तरं आली म्हणून कोड चुकलेला नाही.

ओळीत आणि कॉलममध्ये संख्या पुन्हा येत नसेल, जशी इथे येत नाही, तर सगळ्या जागा एकाच फेरीत मिळतात. सापडल्यावर थांबायचं नाही, जागा लिहून घ्यायची आणि एकदम एक खाली, एक डावीकडे जायचं. ३२६० साठी तिन्ही जागा हाती येतात. पण एकाच ओळीत सारख्या संख्या असू शकत असतील तर ही चाल जागा चुकवते. तिथे निदान किती आहेत ते मोजता येतं: x किंवा त्याहून लहान किती, वजा x पेक्षा लहान किती. इथे ६ − ३ = ३. मोजायची पद्धत प्रश्न ११ मध्ये.

१०. दरपत्रक रुपयांत साठवलंय, ३२.६० दिसतोय तरी शोध ‘नाही’ म्हणतो. का?

कारण दशांश अपूर्णांक बायनरी फ्लोटमध्ये बहुतेक वेळा तंतोतंत बसत नाहीत. पायथनमध्ये `0.1 + 0.2 == 0.3` लिहून बघा, उत्तर `False`. दर टप्प्याटप्प्याने बेरीज करून तयार केला असेल तर पडद्यावर ३२.६० दिसतो आणि आत किंचित वेगळा असतो. `==` जुळत नाही आणि जिना शेजारून निघून जातो. पैशांत पूर्णांक साठवा. `==` च्या जागी ‘जवळपास सारखं’ अशी अट घालण्यापेक्षा हे कितीतरी स्वच्छ.

११. याच जिन्याने मॅट्रिक्समधली दहावी सर्वात लहान संख्या काढतात म्हणे. कशी?

शोधायच्या ऐवजी मोजायचं. प्रत्येक ओळीत x पेक्षा मोठी घरं डावीकडे सरकत सोडायची, उरलेली मोजायची, आणि पुढच्या ओळीत त्याच कॉलमपासून चालू ठेवायचं:

```python
def kiti(a, x):
    c, total = len(a[0]) - 1, 0
    for row in a:
        while c >= 0 and row[c] > x:
            c -= 1
        total += c + 1
    return total
```

`c` कधीच परत उजवीकडे जात नाही, म्हणून हेही m + n च्याच हिशेबात बसतं. आपल्या पहिल्या मॅट्रिक्ससाठी `kiti(a, 17)` म्हणजे ३ + ३ + २ + १ = ९.

आता किमतीवर बायनरी सर्च. सगळ्यात लहान ३, मोठी ४६. मध्य २४, त्याच्यापर्यंत १२ संख्या, पुरेशा, म्हणून वरची हद्द २४. मध्य १३, फक्त ६, म्हणून खालची हद्द १४. मध्य १९, बरोबर १०, वरची हद्द १९. मध्य १६, फक्त ८, खालची हद्द १७. मध्य १८, ९ निघाल्या, खालची हद्द १९. उत्तर १९.

इथे एक शंका हमखास येते: २४ किंवा १८ मॅट्रिक्समध्ये नाहीतच, मग शेवटी उत्तर असंच नसलेलं आलं तर? येणार नाही. आपण अशी सगळ्यात लहान किंमत शोधतो जिच्यापर्यंत किमान १० संख्या आहेत. ही मोजणी फक्त मॅट्रिक्समधल्या संख्येवर पोचल्यावरच वाढते, मधल्या किमतींना ती जागची हलत नाही.

१२. ओळी चढत्या पण कॉलम उतरते असतील तर?

कोपरा बदला. नियम एकच: असा कोपरा निवडा जिथून एका वाटेने संख्या वाढते आणि दुसरीने घटते. ओळी चढत्या, कॉलम उतरते असतील तर तो वरचा डावा, म्हणजे प्रश्न २ मध्ये जो नापास झाला तोच. दोन्ही उतरते असतील तर वरचा उजवा कोपरा चालतो, फक्त मोठा-लहानच्या दिशा उलटवायच्या. लीटकोडच्या १३५१ मध्ये अशाच उतरत्या मॅट्रिक्समधल्या ऋण संख्या मोजायच्या आहेत, तिथे हे करून बघा.

१३. ओळींची लांबी कमी-जास्त असेल तर?

नसलेल्या घरात अनंत आहे असं धरा. सर्वात लांब ओळीच्या टोकापासून सुरू करा, आणि `c >= len(a[r])` असेल तर तुलना न करता डावीकडे सरका. अट इतकीच की मोकळी घरं ओळीच्या उजव्या टोकाला असावीत, आणि मोकळ्या घराच्या खाली पुन्हा भरलेलं घर नसावं, म्हणजे खालची ओळ वरच्यापेक्षा लांब नको. यंग टॅब्लो म्हणतात ती रचना अशीच असते.

१४. फक्त ओळी चढत्या आहेत, कॉलमांची खात्री नाही. चालेल?

नाही. आणि चालत नाही हे कळणारही नाही, तो खरा त्रास. हे बघा:

```
 २   ९  १४
 ५   ७   ८
११  १२  १३
```

ओळी ठीक, पण शेवटचा कॉलम १४, ८, १३. आता १३ शोधा: १४ मोठा, डावीकडे, ९ लहान, खाली, ७ लहान, खाली, १२ लहान, खाली, संपलं. ‘नाही’. १३ मात्र शेवटच्या घरात आहे. अशा मॅट्रिक्ससाठी प्रश्न ७ मधला ओळीवार बायनरी सर्च हाच मार्ग.

शंका असेल तर आधी तपासा:

```python
def kram_barobar(a):
    m, n = len(a), len(a[0])
    return all((c + 1 == n or a[r][c] <= a[r][c+1]) and
               (r + 1 == m or a[r][c] <= a[r+1][c])
               for r in range(m) for c in range(n))
```

ही तपासणी प्रत्येक घराला हात लावते, म्हणजे शोधापेक्षा तीच महाग. प्रत्येक शोधाआधी चालवलीत तर जिन्याचा सगळा फायदा गेला. मॅट्रिक्स भरली जाते तिथे एकदा चालवा, आणि नंतर कोणी एखादं घर बदललं तर त्या घराचे चार शेजारी तेवढे तपासा.